ओसरीतला टीव्ही: तवा, आरसा आणि कालचा पेपर

(नवशिक्यांसाठी सोपी कृती. लागणारा वेळ: एक उन्हाळा आणि एक पावसाळा.)

ज्यांच्या घरात टीव्ही आहे, घराला ओसरी किंवा गॅलरी आहे, आणि मे महिन्यातल्या एखाद्या रात्री जेवण झाल्यावर 'हा टीव्ही बाहेर का असू नये?' असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रश्न पडण्यात तुमची चूक नाही. आमच्या शेंदूरजनाघाटात मे महिन्यात स्लॅबच्या घरातला हॉल रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. बाहेर अंगणात सडा पडलेला असतो, बाजा टाकलेल्या असतात, सातपुड्याकडून थोडी झुळूक येते, आणि सगळे घर बाहेर असताना टीव्ही एकटाच आत बोलत बसलेला असतो. कोणालाही वाटेल, त्यालाही बाहेर बोलवावे.

सूचना पहिली: असे वाटल्यावर लगेच ड्रिल मशीन आणू नये. आमच्याकडे ही पाळली गेली नाही, म्हणून पुढच्या सगळ्या लिहाव्या लागत आहेत.

साहित्य

भाकरीचा जुना तवा एक. दाढीचा आरसा एक. कालचे वर्तमानपत्र, वाचून झालेले. टीव्ही सध्या लागणार नाही.

पूर्वतयारी

टीव्हीच्या खोक्यातली पुस्तिका शोधा. ती बहुधा गॅसच्या कार्डाबरोबर किंवा लग्नाच्या अल्बमखाली असते. तिच्या शेवटच्या पानांवर, जिथे कोणीही कधी जात नाही, तिथे टीव्ही किती तापमानात चालवावा ते बारीक अक्षरात छापलेले असते. घरातल्या बहुतेक टीव्हींसाठी तो आकडा ४० अंश सेल्सिअसपर्यंतचा असतो, आणि हवेतला दमटपणा ८० टक्क्यांपर्यंत चालतो. आता हे वाक्य मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, वरूड तालुक्यात उभे राहून मोठ्याने वाचा. अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ च्या घरात जाणे ही आपल्याकडे बातमी नसते. तो खाली आला तर बातमी होते. आणि हवामान खात्याचे ४५ हे सावलीतले, पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. म्हणजे टीव्ही लावण्याआधीच, तो बंद असताना, सावलीत असताना, तुम्ही मर्यादेच्या पाच अंश बाहेर आहात.

एवढे वाचून जे थांबतात त्यांनी इथेच थांबावे. बाकीच्यांनी पुढे यावे.

न करण्याची कृती (आम्ही केलेली)

आमच्या घराची वरची गॅलरी पश्चिमेला आहे. एप्रिलच्या शेवटी धाकट्या भावाने हौसेने तिथे ४३ इंची टीव्ही टांगला. वर पत्र्याचे छप्पर होते, त्यामुळे पावसाची काळजी नव्हती, आणि काळजी फक्त पावसाचीच करायची असते असा घरातल्या सर्वांचा समज होता. रात्रीचे साडेसातचे सामने झकास दिसले. शेजारपाजारचे आले, आईने भेळ केली. मग रविवार आला. रविवारी दोन सामने असतात आणि पहिला साडेतीनला सुरू होतो.

पावणेपाचच्या सुमारास पडद्याच्या मधोमध शाईचा थेंब पडावा तसा काळा डाग उठला. तो पसरत गेला. फलंदाज अर्धा गडप झाला, मग पंच, मग खेळपट्टी. आवाज मात्र उत्तम येत होता.

"टीव्ही काळा पडून राह्यला ना भाऊ," पुतण्या म्हणाला.

"बंद कर मंग," काकाजी म्हणाले. "पाहून कायले राह्यला? तुलेबी डाग पडतीन."

बंद केला, ओल्या फडक्याने पुसायला निघालेल्या भावाला अडवले (तापलेल्या काचेवर गार पाणी ही आणखी एक न करण्याची कृती), आणि रात्री नऊला पुन्हा लावला तर डाग गायब. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इथेच नवशिके फसतात, म्हणून हा डाग नीट समजून घ्या.

पडद्यात द्रव स्फटिकांचा पातळ थर असतो. हे रेणू एका शिस्तीत उभे असतात आणि विजेच्या इशाऱ्यावर वळून प्रकाश अडवतात किंवा सोडतात. ठरावीक तापमानाच्या वर त्यांची शिस्त मोडते, साधे तेल असावे तसा तो थर होतो, आणि मग इशारा द्या की न द्या, प्रकाश पुढे जात नाही. घरच्या टीव्हीत ही वेळ साधारण ७० ते ८० अंशांच्या दरम्यान येते. गार झाल्यावर रेणू पुन्हा रांगेत उभे राहतात, म्हणून डाग जातो.

पण त्या दुपारी ७० अंश झाले होते कुठून? हवा तर ४३ ची होती. हिशेब सोपा आहे. ४३ इंची पडदा म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर. कलत्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडते. म्हणजे आमच्या पडद्यावर तीनशे वॅट. पडदा काळा, त्यामुळे त्यातले बहुतेक तो पिऊन टाकतो. टीव्ही स्वतः वीज खातो ती ऐंशी ते शंभर वॅट. म्हणजे टीव्ही स्वतः जेवढा तापतो, त्याच्या तिप्पट त्याला ऊन तापवत होते. आम्ही टीव्ही नव्हे, काळा सौरचुलाच टांगला होता आणि त्यावर क्रिकेट लावले होते.

डाग गेला तरी बाकीचे राहते. टीव्हीच्या आत, पडद्यामागे, एलईडीच्या पट्ट्या असतात. प्रत्येक बारीक दिव्यावर प्लॅस्टिकचे एक भिंग चिकटवलेले असते, म्हणजे प्रकाश सारखा पसरावा. उष्णतेने तो चिकटा सुटतो आणि भिंग खाली पडते. मग पडद्यावर गोल पांढरे ठिपके दिसू लागतात, जणू चित्रामागे कोणी बॅटरी धरून उभे आहे. आमच्याकडे दसऱ्यापर्यंत तीन ठिपके झाले होते. दुसरे नुकसान दिसतही नाही. विजेच्या पाटीवर जे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात, त्यांच्याबद्दल मेकॅनिक लोकांचा एक ठोकताळा आहे: दर दहा अंशांनी आयुष्य निम्मे. वीस अंश जास्त तापले की आठ वर्षांची वस्तू दोन वर्षांची होते. ती काळी पडत नाही, ठिपके दाखवत नाही. एके दिवशी बटण दाबल्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि पुढे काही होत नाही.

पायरी एक: तवा

ज्या भिंतीवर टीव्ही लावायचा विचार आहे तिथे खिळा ठोकून भाकरीचा तवा टांगा. काळा बरा. कल्हई नको, स्टील नको. दुपारी तीन ते पाच तो तिथेच राहू द्या आणि दर अर्ध्या तासाने त्यावर तळहात ठेवा. दहा पर्यंत आकडे मोजेस्तोवर हात ठेवता आला, तर जागा विचार करण्यासारखी आहे. तीनवरच हात ओढून घ्यावा लागला, तर लोखंड पंचावन्न-साठच्या वर गेले आहे. आणि तव्याच्या पोटात स्वतःची शंभर वॅटची शेगडी नसते, टीव्हीच्या असते.

ही परीक्षा मे महिन्यातच घ्यावी. दिवाळीत सगळे तवे पास होतात.

तवा नापास झाला की भिंत बदलायची. दिशांबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्या भागात सूर्य पुस्तकातल्यासारखा वागत नाही. आपण साडेएकवीस अक्षांशाच्या जवळ आहोत. मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे दक्षिणेची ओसरी, जिला सगळे नाक मुरडतात, ती उन्हाळ्यात दुपारी छान सावलीत असते. ऊन छपरावर पडते, आत येत नाही. तिथे ऊन शिरते ते डिसेंबरात, जेव्हा दुपारचा सूर्य अर्ध्या आभाळावर, ४५ अंशांवर लोंबतो. पण तेव्हा हवाच गार असते. उत्तरेची ओसरी सर्वांत चांगली, पण तिलाही मेमध्ये संध्याकाळी एक तिरका झोत मिळतो, कारण त्या दिवसांत सूर्य पश्चिमेला न मावळता वीस-बावीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. पूर्वेची चालेल, सकाळचे दहा वाजेपर्यंत टीव्हीचे तोंड झाकलेत तर. पश्चिमेची गॅलरी कपडे वाळवायला ठेवा.

इथे आमच्या गावातला प्रत्येक नर्सरीवाला एक उपाय सुचवतो, तोही नोंदवतो. संत्र्याच्या कलमा करणारे गाव आहे हे. जंभेरीच्या रोपावर डोळा बांधायचा आणि कोवळ्या कलमेवर हिरवी जाळी धरायची, हे इथे पोराला न शिकवता येते. म्हणून कोणीतरी म्हणतेच, "टीव्हीवर शेडनेट टाक ना बाप्पा." टाका. पन्नास टक्क्यांची जाळी ऊन अर्धे करते आणि तवा पास होतो. पण जाळीखाली दुपारी काही दिसत नाही, ते का, हे पुढच्या पायरीत.

पायरी दोन: आरसा

तवा काढा, त्याच खिळ्यावर आरसा लावा. आता जिथे खुर्ची टाकणार आहात तिथे जाऊन बसा आणि आरशात पाहा. आरशात जे दिसेल, तेच दुपारच्या सामन्यात टीव्हीवर दिसेल. फलंदाजाच्या जागी तुमच्या शेजाऱ्याची भिंत खेळत असेल.

उजेडाचे गणित आपल्या डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे फार लबाड असतात. रात्री दिव्याखाली हॉलमध्ये साधारण शंभर लक्स उजेड असतो आणि आपल्याला 'चांगला उजेड' वाटतो. बाहेर उन्हात एक लाख लक्स असतो आणि आपल्याला फक्त 'कडक ऊन' वाटते. मधला हजार पटींचा फरक डोळा परस्पर गिळून टाकतो. टीव्हीला तो गिळता येत नाही. घरच्या साध्या टीव्हीचा पडदा फार तर तीनशे-चारशे निट उजेड देतो. निट म्हणजे एक चौरस मीटर जागेतून एका मेणबत्तीएवढा उजेड तुमच्याकडे येणे, एवढे समजले तरी पुरे.

आता आमचे उदाहरण घ्या. गॅलरीतून टीव्ही काढल्यावर आम्ही खालच्या ओसरीत जागा पाहिली. तवा पास. ऊन अजिबात येत नाही. आम्ही खूश. आरसा लावला तर त्यात समोरच्या घराची चुन्याने रंगवलेली पांढरीशुभ्र भिंत, उन्हात न्हायलेली. चुन्याची भिंत पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांश परत फेकते. हिशेब केला तर त्या भिंतीचा उजेड वीस हजार निटच्या पुढे जातो. चकचकीत पडदा समोरच्या वस्तूचा शंभरातला चौथा भाग नव्हे, शंभरातले चार भाग परतवतो. वीस हजारांचे चार टक्के म्हणजे आठशे निट. आमचा टीव्ही चारशे निटचा सामना दाखवणार आणि त्यावर आठशे निटची शेजाऱ्यांची भिंत बसणार. सावली असूनही. ऊन टीव्हीवर पडत नाही एवढ्याने भागत नाही. टीव्हीला ऊन दिसताही कामा नये.

शेडनेटचेही हेच. लाखाचे पन्नास हजार लक्स झाले तरी पडद्याच्या दृष्टीने ते ऊनच.

यावर उपाय जाहिरातीत सांगत नाहीत, कारण त्याला पैसे लागत नाहीत. ओसरीत टीव्ही नेहमी घराच्या लांब भिंतीवर, अंगणाकडे तोंड करून लावतात, कारण तिथे तो शोभतो. तो काढून ओसरीच्या टोकाच्या आखूड भिंतीवर लावा, म्हणजे त्याचे तोंड ओसरीच्या लांबीकडे होईल. आता आरशात अंगण न दिसता समोरची आखूड भिंत दिसते. ती सावलीत असते. तिला गडद रंग द्या. आमच्या ओसरीत एवढ्याने आरशातली शेजाऱ्यांची भिंत कोपऱ्यातल्या एका पट्टीपुरती उरली. त्या पट्टीची गोष्ट शेवटी येते.

मधला मुक्काम: पुण्याहून आलेला सल्ला

या टप्प्यावर पुण्यात नोकरीला असलेला एक नातेवाईक फोनवर म्हणेल की, "काका, आउटडोअर टीव्ही मिळतो, तो घ्या ना." प्रत्येक घरात असा एक असतो आणि त्याचे म्हणणे खोटे नसते.

उघड्यावर राहण्यासाठी बनवलेले टीव्ही खरेच असतात. अमेरिकेत हा वेगळा बाजार आहे, आणि सॅमसंगने २०२० मध्ये 'द टेरेस' नावाचा असा टीव्ही आणला तेव्हा ५५ इंचीची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. या पैशात नेमके काय मिळते ते पाहू. एक, उजेड: सावलीतल्या अंगणासाठीच्या टीव्हीला सातशे-हजार निट, उन्हासाठीच्या टीव्हीला दीड-दोन हजार किंवा अधिक. दोन, चमक मारणारे प्रतिबिंब कमी करणारा पडदा. तीन, शंभर अंशांच्या पुढेही शिस्त न मोडणारे द्रव स्फटिक, म्हणजे शाईचा थेंब पडत नाही. चार, बंद अंग, ज्याची उष्णता पाठीच्या धातूच्या पत्र्यातून बाहेर जाते, आणि त्यावर आयपी ५५ असा शिक्का.

या शिक्क्याने भले भले भुलतात. पहिला पाच धुळीचा: धूळ थोडी आत गेली तरी यंत्र बिघडणार नाही. दुसरा पाच पाण्याचा: नळीचा फवारा कुठूनही मारला तरी चालेल. बस्स. उन्हाबद्दल तो शिक्का एक शब्द बोलत नाही. उष्णतेबद्दल नाही, गारांबद्दल नाही, रात्री आत धरणाऱ्या दवाबद्दल नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाच्या संत्र्यावर लिंबाएवढ्या गारा पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी तो फवारा आणि ही गार यातला फरक स्वतः ठरवावा. आणि अशा टीव्हीचीही हवेची मर्यादा साधारण ५० अंशांची असते. आमच्या पश्चिमेच्या गॅलरीत पत्र्याखाली, तापलेल्या भिंतीला लागून, मेमधली हवा त्या आकड्याशी ओळख करून घ्यायला येतेच. शिवाय उजेड जास्त म्हणजे वीजही जास्त. त्याच आकाराच्या घरगुती टीव्हीच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला.

मग हा टीव्ही कोणासाठी? भरदुपारी, उघड्या अंगणात, लोक येणार आणि पाहणार, असे ज्यांचे काम आहे त्यांच्यासाठी. हॉटेल, ढाबा, रिसॉर्ट. घरच्या माणसाने स्वतःला विचारावे, मे महिन्यात दुपारी साडेतीनला आपण अंगणात बसतो का? बसत नाही. आपण कूलरसमोर झोपतो. बाहेर येतो ते पावणेसातला सूर्य बुडाल्यावर, आणि साडेसातच्या सामन्याला ओसरीत दिवा बंद करून चारशे निट भरपूर होतात. उलट दोन हजार निटचा टीव्ही रात्री लावला तर तो मंद करूनच पाहावा लागतो. रोज तीन तास अंधारात पाहण्यासाठी उन्हातला टीव्ही घेणे म्हणजे विहीर घरात असताना टँकर लावण्यासारखे आहे. पुण्याचा मुलगा यावर गप्प बसतो आणि मग म्हणतो, "पण पाऊस?"

पायरी तीन: कालचा पेपर

पावसाळ्याची वाट पाहा. आरशाच्या जागी कालचे वर्तमानपत्र उघडून टाचणीने लावा आणि रोहिणी-मृगातले पहिले वादळ येऊ द्या. आपल्याकडे पहिला पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. आधी धूळ, मग पालापाचोळा, मग पाणी. वादळ ओसरल्यावर पेपर पाहा. ओला ठिपका कुठपर्यंत आला ते पेन्सिलीने आखा. पहिल्या पानावर बुंदके असतील तर ही जागा टीव्हीची नाही, किंवा छपराची पडवी अजून हातभर पुढे काढा. पेपर कोरडा पण सकाळी हाताला नरम, मऊ पडलेला लागत असेल, तर पाणी पोचत नाही पण दमट हवा पोचते. तेवढे चालते, टीव्ही रोज लावत असाल तर. रोजची दोन तासांची ऊब आतला ओलावा हाकलून देते. पावसाळ्यात महिनाभर बंद पडून राहिलेला टीव्ही मात्र पहिल्यांदा लावताना दगा देतो.

एक गोष्ट पेपर सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ओसरीतल्या टीव्हीला पावसाएवढाच धोका कूलरचा असतो. कूलरचा झोत म्हणजे पाण्याने भरलेली हवा, आणि आपल्या विहिरी-बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार. खिडकीतल्या कूलरची फुंकर समोरच्या टीव्हीच्या जाळीत सरळ जात असेल तर वर्षभरात आतल्या पाट्यांवर पांढरी पूड बसते. उन्हाळ्यात टीव्ही भिजलेला पाहायचा असेल तर पावसाची गरज नाही.

झाकण

आता सर्वांत प्रेमाने केली जाणारी चूक. सामना संपतो, बाई रेक्झिनचे काळे कव्हर आणते आणि गरम टीव्हीला घट्ट बांधते, तान्ह्या पोराला टोपरे बांधावे तसे. आतली उष्णता आत, आतला ओलावाही आत. टीव्ही आधी अर्धा तास उघडा गार होऊ द्या. कव्हर पांढरे किंवा फिकट घ्या, खालून मोकळे सोडा. मे महिन्यात दिवसा ते काढून ठेवा. धुळीपेक्षा दम कोंडणे वाईट.

त्याहून मोठी चूक म्हणजे काचेची बंद पेटी. सुताराकडून एकाने करवून घेतली होती, समोर काच, चारही बाजूंनी पॅक, पाल शिरायला फट नाही. शंभर वॅट जायला वाटच नाही म्हटल्यावर आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी तापते. बाहेर रात्री ३६ असतील तर आत ४८. पेटी करायचीच तर जुन्या काळच्या टीव्हीला असायची तशी सरकत्या दारांची लाकडी करा, पाहताना दारे पूर्ण उघडी, वर आणि बाजूंना चार बोटे मोकळी जागा, खाली व वर तारेच्या बारीक जाळीने झाकलेली भोके. जाळी हवीच. पावसाळ्यात रात्री उजळलेल्या पडद्यावर पाखरे येतात, पाखरांमागे पाल येते, आणि पालीला टीव्हीची गरम पाठ फार आवडते. मेकॅनिकने पाठ उघडली की पाटीवर तिचा सांगाडा सापडतो, दोन टोकांना दोन पाय टेकवून.

अर्थिंगबद्दल एकच ओळ: बाहेरच्या प्लगला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा संरक्षक स्विच बसवा, आणि विजा कडाडू लागल्या की नुसता स्विच नव्हे, प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढा.

पर्यायी कृती: टीव्ही आत, माणसे बाहेर

तवा, आरसा आणि पेपर तिन्ही नापास झालेल्यांनी निराश होऊ नये. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण सुरू झाले, तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता. नागपूरच्या दिशेने बांबूवर उंच अँटेना, खाली बूस्टर. माणसे दीड-दोनशे, खोली दहा बाय बारा. आजोबांनी टीव्ही खोलीत खिडकीपासून दोन हात आत, तोंड अंगणाकडे करून ठेवला, आणि खिडकीच्या वर सतरंजी बांधून पुढे ओढली. लोक निंबाखाली बसले. सकाळचे साडेनऊ, बाहेर लख्ख ऊन, आणि टीव्ही त्या काळचा, आजच्या निम्माही उजेड नसलेला. तरी दिसायचा. का? खोली काळोखी, आणि खिडकीतून आत जाणारा उजेड सतरंजीने कापलेला. उघड्या अंगणात तोच टीव्ही आणला असता तर राम आणि रावण ओळखू आले नसते.

ही रचना आजही चालते. टीव्ही घरातला, वीज घरातली, पाऊस बाहेर, कूलर दुसऱ्या खोलीत. खिडकीची काच मात्र उघडी हवी, नाहीतर तिच्यातच निंब दिसतो. गज मोठ्या अंतराचे असतील तर आणखी बरे. मर्यादा एकच: बाजूला बसणाऱ्याला अर्धे दिसते. १९८७ मध्ये कोणी तक्रार केली नाही.

राहिलेली पट्टी

आमचा दुसरा टीव्ही (पहिला तीन ठिपक्यांसह आता गोदामात भाव पाहायला आहे) ओसरीच्या आखूड भिंतीवर आहे. शेजाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतीची ती पट्टी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा पडद्याच्या उजव्या कडेला दिसायची, नेमकी जिथे धावसंख्या येते तिथे. कापडी पडदा लावून पाहिला, वाऱ्याने उडाला. शेवटी मी तोंड उघडले आणि शेजाऱ्यांना भिंतीला गेरू द्यायची विनंती केली. गेरू परत फेकतो तो उजेड चुन्याच्या जेमतेम चौथा हिस्सा, हे मी त्यांना आकड्यांसह समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"गेरू मी देतो," ते म्हणाले, "पण पाह्यजो, खुर्ची माही आतल्या बाजूनं पाह्यजे. मधात नाही बसत मी."

भिंत गेरूची झाली. आता संध्याकाळी धावसंख्या स्वच्छ दिसते, आणि टीव्हीसमोरची सर्वांत चांगली खुर्ची त्यांची आहे.